ग्रुप फोटोत तुम्ही कोण, हे अनोळखी माणसाला कसं कळणार

प्रश्न: माझ्या डेटिंग प्रोफाइलवर पाच फोटो आहेत, त्यातले तीन ग्रुपचे. मॅच झाल्यावर दोघींनी "यातला तू कोण?" असं विचारलं. मित्र म्हणतात की लगेच कळतंय, काही प्रॉब्लेम नाही. ग्रुप फोटो काढूनच टाकू का? की स्वतःभोवती गोल किंवा बाण काढू?

उत्तर:

मी पोर्ट्रेट फोटो काढतो आणि गेली काही वर्षं त्यातलं बरंचसं काम प्रोफाइलच्या फोटोंचंच असतं, म्हणजे नवे फोटो काढायचे, जुन्यातले कुठले ठेवायचे ते ठरवायचं, क्रम लावायचा वगैरे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात तुमच्यासारखंच एक वाक्य असतं, की मित्रांना तर लगेच कळतं. खरी अडचण तिथेच आहे. मित्रांना कळतं कारण ते तुम्हाला ओळखतात. ते फोटोत तुम्हाला शोधतच नाहीत, त्यांना तुम्ही आपोआप दिसता, पाठमोरे असलात तरी दिसता. अनोळखी माणसाला मात्र एका फोटोतला चेहरा डोक्यात ठेवून दुसऱ्या फोटोतल्या चार चेहऱ्यांशी ताडून बघावा लागतो, आणि हे काम माणसाला अजिबात नीट जमत नाही.

हे माझं नुसतं निरीक्षण नाही. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध बायकांचे प्रत्येकी २० असे एकूण ४० फोटो घेतले, आणि त्या दोघींना कधीही न पाहिलेल्या ब्रिटिश लोकांना सांगितलं की एका माणसाचे सगळे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. गठ्ठे व्हायला हवे होते दोन. लोकांनी साधारण सात-आठ केले, आणि बरोबर दोन गठ्ठे कुणालाच जमले नाहीत. तेच फोटो त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांना दिले तर जवळजवळ सगळ्यांनी दोनच गठ्ठे केले. फोटो तेच, चेहरे तेच, फरक फक्त ओळखीचा. तुमचे मित्र म्हणजे ते डच लोक, आणि तुमची प्रोफाइल बघणारी मुलगी म्हणजे ती ब्रिटिश मंडळी, एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं आहे.

शिवाय ती बघते फोनवर, आणि तेही एक-दोन सेकंद. आता जरा मापात बोलू. फोनच्या पडद्यावर फोटो साधारण साडेसहा सेंटीमीटर रुंद दिसतो. माणसाचा चेहरा त्याच्या खांद्यांच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असतो. आठजण खांद्याला खांदा लावून ओळीत उभे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिलिमीटर येतात आणि चेहरा होतो जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याहूनही लहान. त्यात नाक-डोळे काय दिसणार. तिघंच असतील तर तोच चेहरा सात मिलिमीटरचा होतो आणि मग ओळखता येतो. म्हणून मी ग्रुप फोटो म्हटलं की तिघं, फार तर चौघं म्हणतो. त्याहून जास्त माणसं असली की त्या फोटोतून एवढंच कळतं की खूप लोक होते.

आता ग्रुप फोटो काढूनच टाकू का, याचं उत्तर सरसकट नाही देता येत. कामाच्या प्रोफाइलला असेल तर माझ्या मते एकही नको, तिथे त्याचा उपयोगच नाही. डेटिंगच्या प्रोफाइलला एक चांगला ग्रुप फोटो फायद्याचा असतो, माणूस चारचौघांत कसा वागतो, हसतो, ते त्यातून दिसतं आणि ते एकट्याच्या फोटोत कधीच येत नाही. पण एक. तीन नाही. आणि तुमचा भाऊ किंवा एखादा मित्र तुमच्यासारखा दिसत असेल, किंवा फोटो तुमच्या दाढी-चष्मा-केस बदलण्याच्या आधीचा असेल, तर तो एकही मी ठेवणार नाही.

एक केस सांगतो, म्हणजे हे नीट कळेल. एक मुलगा आला होता, त्याचेही पाचच फोटो. पहिला, चौघं मित्र ट्रेकला एका खडकावर, सगळ्यांना गॉगल, सूर्य मागे. दुसरा, तो आणि त्याचा जवळचा मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, मित्राच्या पाठीला गिटार. तिसरा, हा एकटाच पण पाण्याकडे तोंड करून, पाठमोरा. चौथा, सात जणांची टीम, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट. पाचवा, रात्रीच्या दिव्यात काढलेला सेल्फी, चष्मा लावलेला. त्याची तक्रार तुमच्यासारखीच, पण आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली की मॅच झालेल्या मुली त्याला गिटारबद्दल विचारतात आणि त्याला तर गिटार येत नाही.

मी त्याला म्हटलं, आपण अनोळखी माणसासारखं बघू. अनोळखी माणूस काय करतो, तर पहिल्या फोटोत कळलं नाही की पुढे जातो आणि प्रत्येक फोटोत कुठला चेहरा परत येतोय ते शोधतो. आता मोजा. तो गिटारवाला मित्र पहिल्या फोटोत होता, दुसऱ्यात होता, चौथ्यातही होता, तीनही ठिकाणी तीच दाढी, तेच मानेपर्यंतचे केस. आणि ज्याची प्रोफाइल आहे त्याचा चेहरा नीट दिसत होता फक्त दोन फोटोंत, दुसऱ्यात चष्म्याशिवाय आणि पाचव्यात चष्म्यासकट, म्हणजे अनोळखी नजरेला ते दोन वेगळे लोकच. परत येणारा चेहरा मित्राचा होता, त्यामुळे प्रोफाइल त्याचीच वाटत होती. मुली काही चुकत नव्हत्या, त्या अगदी बरोबर हिशेब करत होत्या, फोटोंनीच त्यांना चुकीचं उत्तर दिलं होतं.

तुम्ही तुमचे फोटो उघडून आधी हेच मोजा. तुमच्या तीन ग्रुप फोटोंत तुमच्याशिवाय आणखी कोण कोण परत परत येतंय? जवळचा मित्र असतोच सगळीकडे, साहजिक आहे, पण प्रोफाइलवर तो एकदाच यायला हवा. दुसऱ्यांदा दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात दोन उमेदवार तयार होतात.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगतो. पहिला फोटो नवा काढला, खिडकीसमोर उभं करून, दिवसाच्या उजेडात, हनुवटीपासून केसांपर्यंतचा चेहरा फोटोच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश येईल एवढ्या अंतरावरून. चष्मा लावूनच काढला, कारण तो रोज चष्मा लावतो. त्याला वाटत होतं की चष्म्याशिवाय बरा दिसतो, आणि दिसतही असेल, पण पहिला फोटो हा बाकीच्या सगळ्या फोटोंची किल्ली असतो. त्यात जो माणूस दिसतो तोच पुढच्या फोटोंत शोधला जातो. अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना आपण नाक-डोळ्यांपेक्षा केसांची ठेवण, चष्मा, दाढी, चेहऱ्याचा एकूण आकार यांवरच जास्त विसंबतो, त्यामुळे या गोष्टी पहिल्या फोटोत आणि ग्रुप फोटोत सारख्याच हव्यात. ग्रुप फोटोत टोपी आणि पहिल्या फोटोत उघडे केस असं झालं की साखळी तुटली.

सेल्फी पहिला ठेवू नका असं मी सांगतो त्याचंही कारण हेच. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, चेहरा निमुळता होतो. तोच चेहरा ग्रुप फोटोत तीन मीटरवरून काढलेला असतो आणि तिथे तो रुंद दिसतो. तुम्हाला आरशाची सवय आहे म्हणून फरक जाणवत नाही, पण अनोळखी माणूस जेव्हा एकावरून दुसरा ओळखायला जातो तेव्हा हा फरक आडवा येतो. कुणाला तरी फोन द्या, दीड-दोन मीटर लांब उभं करा आणि काढायला सांगा, एवढंच.

दुसरा फोटोही एकट्याचा ठेवला, पूर्ण उंचीचा, त्याच चष्म्यात. तिसरा, तो सायकल चालवतो त्याचा, पण हेल्मेट काढून हातात धरलेला. म्हणजे ग्रुप फोटो येईपर्यंत बघणाऱ्याने त्याला तीन वेळा एकट्याला पाहिलं होतं. तुमच्याकडे एकट्याचे फोटो दोनच आहेत असं दिसतंय, तर किमान ते दोन आधी येऊ द्या आणि ग्रुप तिसऱ्या किंवा चौथ्या नंबरवर. शेवटी ठेवलात तर मात्र बरेच जण तिथपर्यंत पोचतच नाहीत.

आता चौथा, म्हणजे ग्रुपचा. आधी जुन्यातून काही निघतंय का ते बघितलं. टीमचा फोटो मोठा होता, ४००० बाय ३००० पिक्सेलचा, त्यातून तिघंच राहतील असं कापलं तर १२०० बाय १६०० च्या आसपास उरत होतं आणि फोनवर तेवढं पुरतं. पण टीशर्ट सगळ्यांचे एकसारखे आणि उन्हाने सगळ्यांचे डोळे मिचमिचलेले, म्हणून सोडला. तुमच्याकडे बरा फोटो असेल तर कापून बघा, मात्र कापताना एक गोष्ट सांभाळा. दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेतून कापायचं. अर्धा कान, अर्धा गाल किंवा तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी नुसताच पंजा राहिला की बघणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं आणि डेटिंगच्या प्रोफाइलवर तो पंजा कुणाचा, हा प्रश्न पडतोच. मोकळी जागा नसेल तर तो फोटो कापायचा नाही, दुसरा शोधायचा.

आणि आडव्या फोटोचं एक वेगळंच दुखणं आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा फोटो आडवा आहे, चारास तीन मापाचा, आणि ॲप तो उभ्या, तीनास चार मापाच्या चौकटीत दाखवतंय. पूर्ण उंची ठेवून मधला भाग घेतला की रुंदीचा ५६ टक्केच भाग उरतो, बाकी ४४ टक्के दोन्ही बाजूंनी जातो. तुम्ही कडेला उभे असाल तर तुम्हीच गेलात. माझ्याकडे एक मुलगी आली होती तिच्या प्रोफाइलवर हेच झालं होतं, ग्रुप फोटोत तिच्या दोन मैत्रिणी दिसत होत्या आणि तिचं फक्त कोपर. तिने फोटो टाकताना पूर्ण बघितला होता, दुसऱ्याच्या फोनवर तो कसा दिसतो ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणून फोटो टाकायच्या आधी स्वतःच उभा कापून घ्या, ॲपवर सोडू नका. शिवाय फोनच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कडेचे चेहरे ताणले जातात, तेव्हा तशीही कडेची जागा नकोच.

त्या मुलासाठी शेवटी आम्ही नवाच फोटो काढला. गिटारवाला मित्र नको म्हटलं, दुसरे दोन मित्र बोलावले, दोघंही याच्यापेक्षा वेगळे दिसणारे, एक बराच उंच आणि एकाचे केस अगदी बारीक. त्या दोघांना गडद कपडे घालायला सांगितले आणि याला मोहरीच्या रंगाचा शर्ट. मग तिघांना चालत, गप्पा मारत यायला सांगितलं आणि याला बाकीच्यांच्या अर्धा मीटर पुढे ठेवलं. हे अर्धा मीटर फार कामाचं आहे. कॅमेऱ्यापासून बाकीचे दोन मीटरवर आणि तुम्ही दीड मीटरवर असाल तर तुमचा चेहरा त्यांच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा येतो, आणि बघणाऱ्याला मुद्दाम काही केलंय असं वाटतही नाही.

तीस-चाळीस फोटो काढले असतील. त्यातला जो निवडला त्यात हा काहीतरी सांगतोय आणि ते दोघं त्याच्याकडे बघून हसतायत. माणूस कुठे बघतोय तिकडे आपली नजर आपोआप जाते, हे तुम्ही रस्त्यावरही अनुभवलं असेल, चारजण वर बघत असले की आपणही वर बघतो. फोटोतही तेच होतं. दोन माणसं तुमच्याकडे बघत असतील तर तिसऱ्याला, म्हणजे बघणाऱ्याला, तुमच्याकडेच यावं लागतं. तुम्ही जे गोल आणि बाण म्हणताय ते काम या दोन नजरा करतात.

बाणाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, मी नाही लावत. बाणाने त्या एका फोटोपुरतं कळतं, हे खरं, पण बाण लावायची वेळ आली याचाच अर्थ फोटो ते काम करत नाहीये, मग तो ठेवायचा कशाला. मित्रांच्या तोंडावर इमोजी चिकटवणं किंवा त्यांना धूसर करणं तर त्याहून वाईट, बघणाऱ्याची नजर आधी त्या झाकलेल्या चेहऱ्यांवरच जाते. मित्रांना फोटो टाकलेला चालणार नसेल तर त्यांना झाकण्यापेक्षा त्यांचा फोटोच नको, आणि टाकायच्या आधी त्यांना विचारा जरूर, त्यांनाही त्यांच्या घरचे, जोडीदार, ऑफिस आहे. कॅप्शन लिहायची सोय असेल तर लिहा, पण "डावीकडून दुसरा" असं नको. कुणाची डावी, फोटोतल्यांची की बघणाऱ्याची, हा घोळ होतो, आणि फोटो कापला गेला की नंबरच बदलतो. "पिवळ्या शर्टातला मी" असं लिहा, ते कापलं तरी खरंच राहतं. मात्र कॅप्शनवर सगळी भिस्त ठेवू नका, बरेच लोक वाचत नाहीत.

आता तपासायचं कसं. मित्रांना दाखवून उपयोग नाही हे वर झालंच. ज्याने तुम्हाला कधीच पाहिलेलं नाही असा माणूस हवा. सगळ्यात सोपं म्हणजे मित्राला सांगा की हे फोटो तुझ्या ऑफिसमधल्या किंवा नात्यातल्या चार-पाच जणांना दाखव, जे मला ओळखत नाहीत. फोनवरच दाखवायचं, पहिला फोटो दोन सेकंद, मग थेट ग्रुप फोटो, आणि म्हणायचं की बोट ठेव. झूम करू द्यायचं नाही. एकालाच विचारून थांबू नका, तिघांच्या फोटोत डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं. आणि नुसतं बरोबर की चूक एवढं बघायचं नाही, वेळ बघायचा. बोट फोटोवर घुटमळलं, किंवा "पहिला परत दाखव ना" असं म्हणाले, तर शेवटी उत्तर बरोबर आलं तरी तो फोटो नापास. ॲपवर कुणी तुमच्यासाठी मागे जाऊन बघत नाही.

त्या मुलाचे जुने फोटो मी माझ्या ओळखीच्या चौघांना असेच दाखवले होते, पहिल्या फोटोपासून सुरुवात करून, आणि तिघांनी गिटारवाल्यावर बोट ठेवलं. नवे फोटो वेगळ्या चौघांना दाखवले तेव्हा बोट लगेच मोहरीच्या शर्टावर गेलं. एकाने मात्र "शर्टावरून कळलं" असं सांगितलं, चेहऱ्यावरून नाही. ते ऐकून आम्ही दुसरा, पूर्ण उंचीचा फोटोही त्याच शर्टात परत काढला. तेव्हापासून मी सगळ्यांना हे सुचवतो, की ग्रुप फोटोत जो शर्ट आहे तोच एकट्याच्या एखाद्या फोटोत असू द्या. एकाच दिवशी काढले तर आपोआपच होतं.

एक शेवटचं, क्रमाबद्दल. काही ॲप तुमचा क्रम स्वतःच बदलतात. टिंडरने २०१६ मध्ये Smart Photos नावाची सोय आणली, ती चालू असेल तर कुठला फोटो जास्त आवडतोय ते बघून ॲप पहिला फोटो आपल्या मनाने बदलत राहतं. मग तुम्ही एवढ्या मेहनतीने चौथा ठेवलेला ग्रुप फोटो कुणाला तरी पहिलाच दिसू शकतो, आणि वर सांगितलेली सगळी साखळी उलटी होते. तुमच्या ॲपमध्ये अशी काही सेटिंग असेल तर ग्रुप फोटो प्रोफाइलवर आहे तोपर्यंत ती बंद ठेवा. ती चालूच ठेवायची असेल तर ग्रुप फोटो तेवढा काढा, आणि पाचही एकट्याचे ठेवा.